एका टाचणीएवढ्या भारातून अख्ख्या तारेचा झोळ

जॉर्ज ग्रीन हा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या पवनचक्कीचा मालक. वीज आणि चुंबकत्वावरचा त्याचा निबंध १८२८ साली वर्गणीदारांच्या पैशातून छापला गेला. त्यातल्या ज्या युक्तीला आज ‘ग्रीनचे फलन’ म्हणतात, ती समजून घ्यायला एक ताणलेली तार पुरते.

एक मीटर लांबीची तार दोन्ही टोकांना पक्की बांधली आहे आणि तिच्यात १०० न्यूटनचा ताण आहे. तिच्यावर कसाही पसरलेला भार टाकला, तर ती कुठे किती खाली जाईल? गणिताच्या भाषेत, तारेचा बाक ताणाने गुणला की भार मिळतो आणि दोन्ही टोकांना झोळ शून्य असतो. बाक म्हणजे झोळाचे दुसरे अवकलन, म्हणून हे समीकरण दुसऱ्या कोटीचे.

आधी भार एकाच बिंदूवर ठेवू. डाव्या टोकापासून २५ सेंटिमीटरवर एक न्यूटनचे वजन टांगले. बाकी कुठेच भार नाही, म्हणून तिथे तार सरळच राहते आणि दोन सरळ रेषांचा त्रिकोण तयार होतो. वजनाखाली मात्र तिचा उतार एकदम बदलतो, आणि हा बदल भार भागिले ताण, म्हणजे १/१०० एवढाच असायला हवा. या अटीवरून त्या बिंदूचा झोळ ०.२५ × ०.७५ ÷ १००, म्हणजे सुमारे १.९ मिलिमीटर येतो. डावीकडचा उतार ०.७५/१००, उजवीकडे उलट दिशेने ०.२५/१००, बेरीज बरोबर १/१००. उत्तर तपासायचे ते असे.

एक न्यूटन `s` या ठिकाणी असताना `x` या ठिकाणी येणारा झोळ म्हणजे `G(x,s)`, हेच ग्रीनचे फलन. आता पसरलेल्या भाराचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा झोळ काढायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची:

`u(x) = ∫ G(x,s) f(s) ds`

समजा, तारेवर सगळीकडे मीटरला ८ न्यूटन असा सारखा भार आहे आणि मधल्या बिंदूचा झोळ हवा आहे. एक न्यूटनचा भार तारेवरून सरकवत नेला, तर मध्यावरचा झोळ टोकाला शून्यापासून वाढत मध्यावर ०.२५/१०० होतो आणि पुन्हा शून्यावर येतो. हाही त्रिकोणच, पाया १, उंची ०.२५/१००, क्षेत्रफळ ०.१२५/१००. त्याला ८ ने गुणले की ०.०१ मीटर, म्हणजे एक सेंटिमीटर. भार बदलला तरी `G` तेच राहते. फक्त बेरीज नव्याने करायची.

ही बेरीज चालते, कारण झोळ लहान असेपर्यंत दुप्पट भाराने दुप्पट झोळ येतो. झोळ मोठा झाला की ताणच बदलतो आणि हिशेब चुकतो. दुसरी अडचण टोकांची आहे. दोन्ही टोके उभ्या खांबांवर मोकळी सरकणारी असतील, तर एका न्यूटनच्या वजनाला तोलून धरणारे काहीच उरत नाही. तार घसरतच जाते आणि असे `G` मिळतच नाही. म्हणून सूत्र वापरण्याआधी टोके कशी बांधली आहेत ते पाहावे.