हॉटेलच्या फोटोत रूम मोठी दिसतेय? आधी टाइल्स मोजा!

गेल्या पावसाळ्यात आम्हा तिघा मित्रांना पनवेल स्टेशनवरून पहाटेची कोकणात जाणारी गाडी पकडायची होती. आदल्या रात्रीसाठी स्टेशनजवळची एक रूम अ‍ॅपवर आवडली. फोटोत ऐसपैस जागा, पांढरीशुभ्र चादर आणि खाली ‘एक्स्ट्रा मॅट्रेस मिळेल’ अशी ओळ. बुकिंग मात्र नॉन-रिफंडेबल. म्हणून पैसे भरण्याआधी तेच हॉटेल आणखी दोन ठिकाणी उघडून बघितलं.

तेच फोटो, वेगळं अ‍ॅप

दुसऱ्या बुकिंग साइटवर फोटो तेच होते, फक्त क्रम वेगळा. हॉटेलवाले एकदाच फोटो काढून घेतात आणि सगळीकडे चढवतात. त्यामुळे तीन अ‍ॅपवर तोच फोटो दिसला, तर ती माहिती एकाच माणसाने दिलेली आहे असं समजा.

खरी तुलना होते ती पाहुण्यांनी काढलेल्या फोटोंशी. गूगल मॅप्सवर हॉटेल उघडा आणि रिव्ह्यूसोबत टाकलेले फोटो तारखेसकट बघा. रूम तीच आहे का, हे पडद्याचं डिझाइन, स्विचबोर्डची जागा आणि एसी कुठल्या भिंतीवर आहे यावरून जुळवा. हे जुळत नसेल तर तो फोटो वेगळ्या प्रकारच्या रूमचा असू शकतो.

लेन्स जागा कशी फुगवते?

तुमच्या खोलीच्या दारात उभे राहून एक फोटो 1x वर आणि एक 0.5x वर काढा. दुसऱ्या फोटोत खोली दुप्पट वाटेल. वाइड लेन्स जवळच्या वस्तू मोठ्या आणि लांबच्या खूप छोट्या दाखवते, म्हणून समोरची भिंत दूर गेल्यासारखी वाटते. ओळखायची खूण फोटोच्या कडेला असते. तिथली गोल बादली किंवा घड्याळ लंबगोल दिसतं, उशी ताणल्यासारखी वाटते.

पण लेन्स टाइल कितीही ताणू दे, टाइल्सची संख्या वाढवू शकत नाही. म्हणून आकार डोळ्यांनी जोखू नका, मोजा.

आम्ही मोजलं ते असं

आधी एका टाइलचं माप काढायचं. डबल बेडची लांबी साधारण साडेसहा फूट असते. फोटोत बेडच्या कडेला तीन टाइल्स आणि थोडा तुकडा दिसला, म्हणजे एक टाइल दोन फुटांची. खात्रीसाठी दारही बघितलं. खोलीचं दार साधारण तीन फूट रुंद असतं, आणि ते दीड टाइल भरलं.

मग रुंदी. बेडच्या डावीकडे एक टाइल, उजवीकडे एक टाइल आणि मध्ये अडीच टाइल्सचा बेड. एकूण साडेचार टाइल्स, म्हणजे नऊ फूट. लांबी पाच टाइल्स, म्हणजे दहा फूट. अ‍ॅपवर १५० चौरस फूट लिहिलं होतं. मोजून आले ९०. बाथरूम धरून सांगितलं असेल, तरी झोपायची जागा तेवढीच.

बेडच्या पायथ्याशी उरले साडेतीन फूट. सहा बाय तीनची गादी तिथे मावते, पण बाथरूमचं दार त्याच बाजूला होतं. रात्री उठायचं तर खाली झोपलेल्याला ओलांडून जायचं!

टाइल्स दिसत नसतील किंवा कार्पेट असेल, तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा बेड आणि भिंतीमधली मोकळी जागा दाराच्या रुंदीशी ताडून अंदाज घ्या.

स्वच्छता कोपऱ्यात दिसते

चादर फोटोसाठी बदलता येते. त्यामुळे पाहुण्यांच्या फोटोंत झूम करून टाइल्समधल्या रेषा, कमोडच्या मागचा कोपरा आणि एसीखालची भिंत बघा. पनवेलच्या पावसात भिंतीला ओल येते, तेव्हा जून ते सप्टेंबरमधले फोटो आवर्जून शोधा. आम्हाला एका जुलैच्या फोटोत छताजवळ काळपट डाग दिसला. हॉटेलच्या फोटोत तो कोपरा कापलेला होता.

एक कोपरा किंवा भिंत कुठल्याच फोटोत नसेल, तर तिथे काय आहे ते विचारा. सगळ्या फोटोंत पडदा ओढलेला असेल, तर मागे खिडकी नसेल किंवा ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागून असेल.

शेवटचा प्रश्न रिसेप्शनला

आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, ‘दारापासून बाथरूमपर्यंत, पडदा उघडून, न थांबता पंधरा सेकंदांचा व्हिडिओ पाठवाल का?’ सलग व्हिडिओत कोपरा लपवणं अवघड जातं. उत्तर आलं, ‘फोटो अ‍ॅपवर आहेत, सर.’

आम्ही दुसरीकडे दोन छोट्या रूम घेतल्या. त्यांच्याही टाइल्स मोजूनच.