डब्यातले तीन हजार आणि व्हाउचरांची बेरीज

संस्थेच्या किरकोळ खर्चाचा डबा महिनाअखेर उघडला की दोन आकडे समोर येतात. एक व्हाउचरांच्या बेरजेचा, दुसरा डब्यात उरलेल्या नोटा-चिल्लरीचा. दोन्ही मिळून ठरवून दिलेली रक्कम भरली पाहिजे. नाही भरली तं काय लिहायचं, हा प्रश्न आपल्या पेजवर बऱ्याच जणांनी विचारला आहे. काही ठिकाणी यावर सोपा उपाय चालतो: चहाचं एक व्हाउचर वाढवायचं आणि मोकळं व्हायचं. तो उपाय का नको आणि त्याऐवजी कीर्दीत नेमकं काय लिहायचं, ते आज एका उदाहरणावरून पाहू.

आधी शब्दांचं. आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे बोलणं मराठीत आणि कागद हिंदीत, त्यामुळे एकाच गोष्टीला चार नावं पडतात. ठरावीक रक्कम एकदा सचिवाच्या हाती द्यायची, तिच्यातून किरकोळ खर्च करायचा आणि जितका खर्च झाला तितकीच भर पुन्हा घालायची, याला मराठी पुस्तकात अग्रधन पद्धत म्हणतात आणि सरकारी हिंदीत स्थायी अग्रिम. जुन्या मराठी दफ्तरातला तसलमात हा शब्द मात्र थोडा वेगळा आहे. खर्चासाठी कोणाला आगाऊ पैसे दिले आणि हिशेब यायचा बाकी आहे, ती तसलमात. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता उदाहरण. समजा संस्थेचं अग्रधन ३,००० रुपये आहे. महिना सप्टेंबरचा. १५ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठलेली, मासळी बाजारात जातेय, आणि तलावात बोटुकली सोडणंही थोडं बाकी आहे. म्हणजे किरकोळ खर्च भरपूर. महिनाअखेर रजिस्टरात सहा नोंदी आहेत: टेम्पोचं भाडं ८५०, बर्फाच्या लाद्या ५६०, जाळ्याला नायलॉनचं सूत आणि दोरी ४२५, झेरॉक्स-टपाल १४५, बसभाडं १८० आणि सभेचा चहा-नाश्ता २१०. बेरीज २,३७०. म्हणजे डब्यात ६३० असायला हवेत. मोजले तं निघाले ३५०. तूट २८० रुपयांची.

इथे पहिला नियम: रोकड मोजल्याशिवाय बेरजेला हात लावायचा नाही, आणि मोजताना दुसरा माणूस सोबत पाहिजे. नोटा किती, चिल्लर किती, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करायची. बेरीज आधी पाहिली की मोजणारा नकळत तोच आकडा शोधत बसतो.

मग शोध. डबा पूर्ण रिकामा केला तं तळाशी एक चिठ्ठी निघाली. एका सभासदाला डोंग्याच्या दुरुस्तीचे खिळे आणायला १५० रुपये दिले होते, बिल अजून आलेलं नाही. ही तसलमात. हा खर्च नव्हे, कारण खिळे आलेत की पैसे परत येणार, हे अजून ठरलेलं नाही. म्हणून याचं व्हाउचर करायचं नाही. चिठ्ठी डब्यातच राहते आणि रोकडीच्या जागी मोजली जाते. उरली तूट १३०.

त्यानंतर प्रत्येक मूळ बिल रजिस्टराच्या नोंदीशी लावून पाहिलं. बर्फवाल्याचं बिल ६५० चं आणि रजिस्टरात ५६०. आकडे उलटे पडले. फरक ९० चा. जुने हिशेबनीस सांगतात की फरकाला ९ नं पूर्ण भाग गेला तर आकडे उलटे पडल्याचा संशय घ्यावा. खरी गोष्ट आहे. ६५० चे ५६० झाले की फरक ९०, ५४ चे ४५ झाले की ९. पण ही युक्ती चूक एकटी असेल तेव्हाच चालते. इथे तूट २८० होती, तिला ९ नं भाग जात नाही, कारण तीन वेगळी कारणं एकात मिसळली होती. युक्तीवर विसंबून राहिलो असतो तं बर्फाचं बिल कधीच सापडलं नसतं. बिलागणिक पडताळणीला पर्याय नाही.

रजिस्टरात ५६० वर पांढरी शाई लावायची नाही. एक रेघ मारायची, आकडा वाचता आला पाहिजे, वर ६५० लिहून बाजूला सही आणि तारीख. आता खर्चाची बेरीज २,४६०. उरली तूट ४० रुपयांची, आणि हिचं कारण सापडत नाही. बिलं दोनदा पाहिली, बेरीज दोघांनी वेगवेगळी केली, टेबलाचा खणही पाहिला. नाही म्हणजे नाही.

इथेच कोणीतरी म्हणतं, "अरे भाऊ, चाळीस रुपयासाठी कायले डोकं लावून राहिले? चहाचे २१० आहेत, २५० करून टाका." अडचण अशी आहे की चहा २१० चाच झाला होता. आकडा फिरवला की खरं बिल खोटं होतं, आणि बिलावर खाडाखोड दिसली की अंकेक्षणाला आलेला माणूस ४० रुपयांचं नाही, सगळ्याच बिलांचं विचारतो. दुसरी तऱ्हा म्हणजे सचिवानं खिशातून ४० घालणं. दिसायला हे चांगलं वाटतं, पण तूट झाली होती हेच कागदावरून पुसलं जातं. आणि ज्यानं आज गुपचूप घातले, तो उद्या वाढ निघाल्यावर गुपचूप काढणारही आहे.

तिसरी चूक प्रामाणिक माणसं करतात. व्हाउचर २,४६० चे, म्हणून चेकही २,४६० चा काढतात. मग डब्यात ३५० अधिक २,४६० म्हणजे २,८१० रोख आणि १५० ची चिठ्ठी, एकूण २,९६०. खातेवहीत अग्रधन ३,००० आणि डब्यात २,९६०. पुढच्या महिन्यात आणखी २० कमी पडले की तूट ६० दिसते, आणि त्यातली जुनी किती, नवी किती, हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून चेकची रक्कम व्हाउचरांवरून काढायची नाही, डब्यावरून काढायची. अग्रधन ३,०००, त्यातून मोजलेली रोकड ३५० आणि चिठ्ठी १५० वजा, उरले २,५००. हा चेक. हे पैसे कशावर गेले ते व्हाउचर सांगतात, आणि जे व्हाउचर सांगू शकत नाहीत त्याला स्वतःचं खातं द्यायचं: रोख तूट-वाढ खाते. कीर्दीतली नोंद अशी पडते:

मासळी वाहतूक, नावे ८५०
बर्फ खर्च, नावे ६५०
जाळे दुरुस्ती, नावे ४२५
छपाई व टपाल, नावे १४५
प्रवास खर्च, नावे १८०
सभा खर्च, नावे २१०
रोख तूट-वाढ, नावे ४०
बँक खाते, जमा २,५००

या नोंदीत अग्रधनाचं खातं कुठेच नाही, हे लक्षात घ्या. ते ३,००० वर उघडलं आणि तिथंच उभं राहतं. रक्कम वाढवायचा किंवा कमी करायचा ठराव झाला तरच त्याला हात लागतो. भर घालताना अग्रधन खाते नावे केलं, तं वर्षाअखेरीस डब्यात तीन हजार आणि वहीत तीस हजार दिसतात. नव्या सचिवांकडून ही चूक हमखास होते.

चेक वठून पैसे डब्यात आले की पुन्हा मोजायचं: २,८५० रोख, १५० ची चिठ्ठी, एकूण ३,०००. नोंदीखाली मोजणीचा कागद टाचायचा. ४० रुपयांचं पुढे काय, ते सचिवानं एकट्यानं ठरवायचं नाही. पुढच्या समितीच्या सभेत वाचून दाखवायचं; मंडळ मंजूर करेल किंवा वसूल करा म्हणेल, आणि तसं इतिवृत्तात येईल. वसुली झाली तर ती याच खात्यात जमा होते. रक्कम मोठी असेल आणि चौकशी चालू असेल, तर निकाल लागेपर्यंत उचंत खाते नावे टाकून ठेवायचं. मात्र उचंत हे तात्पुरतं घर आहे. तिथं वर्षानुवर्षं पडून राहिलेली रक्कम हे वेगळंच दुखणं.

तूट-वाढ खात्याचा खरा फायदा सहा महिन्यांनी दिसतो. सुट्टे पैसे देताघेताना होणारी चूक दोन्ही बाजूंनी होते. कधी १० कमी, कधी ५ जास्त. म्हणून खातं थोडंसं इकडे-तिकडे हलतं. पण दर महिन्याला तूटच येत असेल आणि वाढ एकदाही नसेल, तर ती चिल्लरीची चूक नाही. मग कुठलं तरी बिल नेहमी राहतंय, किंवा कोणीतरी हात घालतंय. दर वेळी चहाचं व्हाउचर वाढवलं असतं तं हे दिसलंच नसतं.

वाढ निघाली तर खुशीत येऊ नका. डब्यात जास्त पैसे असण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बिल लावलं पण पैसे द्यायचे राहिले. आधी बर्फवाल्याला आणि टेम्पोवाल्याला विचारा. अलीकडे आणखी एक कारण आलंय: सचिव स्वतःच्या मोबाइलवरून पैसे पाठवतो, बिल डब्यात टाकतो आणि रोख उचलायचं विसरतो. ती वाढ संस्थेची नव्हे, सचिवाचं येणं आहे. मोबाइलवरून दिले तर त्याच दिवशी व्हाउचरवर तसं लिहून तितकी रोकड उचलावी. एवढं करूनही वाढ उरली तर चेक तितक्यानं कमी काढायचा आणि रक्कम तूट-वाढ खात्यात जमा दाखवायची.

टेम्पोवाला बिल देत नाही, ही तक्रार सगळीकडची. तिथं संस्थेचंच व्हाउचर करायचं. कुठून कुठे, काय नेलं, किती दिले, आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. पण पैसे देतानाच. महिनाअखेरीस आठवून केलेल्या व्हाउचरांची बेरीज नेहमी जरा जास्तच सुरेख जुळते.

३१ मार्चला एक काम वेगळं. त्या दिवशी डबा अर्धा रिकामा असेल आणि चेक एप्रिलमध्ये निघणार असेल, तर खर्च पुढच्या वर्षात ढकलला जातो आणि ताळेबंदात ३,००० रोख दिसतात, जे डब्यात नसतात. एक तर ३१ तारखेलाच भर घालून टाका. ते जमत नसेल तर त्याच तारखेला खर्च आणि तूट नावे लिहून अग्रधन खाते जमा करा. चिठ्ठीचे १५० अजून बाकी असतील तर तेही अग्रधनातून काढून तसलमात येणे म्हणून त्या सभासदाच्या नावे दाखवा. म्हणजे ताळेबंदात रोख ३५० च दिसेल. एप्रिलमधला चेक मग अग्रधन खात्याच्या नावे पडतो, आणि भर घालताना ते खातं नावे पडण्याची ही एकच वेळ.