मला ताप नाही

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की बीड जिल्ह्यातल्या गावांत रजेचे अर्ज वाढतात. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राकडं, काही तर थेट कर्नाटकात निघतात. ही गोष्ट अशाच एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेची, २०१७ सालच्या नोव्हेंबरातली. गोष्टीतल्या बाई सत्तावन्न वर्षांच्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या.

हजेरी घेताना त्यांच्या टेबलावर वहीचं फाडलेलं पान आलं. सहावीतल्या एका मुलीचा अर्ज. वर ‘प्रति, वर्गशिक्षिका’ आणि ‘विषय : रजा मिळणेबाबत’ अगदी शिकवल्याप्रमाणं होतं. खाली मात्र तिनं लिहिलं होतं :

‘बाई, मला ताप नाही. आई-दादा उद्या ऊस तोडायला चालले. भाऊ तीन वर्षांचा आहे. आई फडात गेल्यावर त्याला कोपीवर कोण धरणार, म्हणून मी चालले. आजीला दिसत नाही. माझं नाव काढू नका.’

बाईंनी पान दोनदा वाचलं. पस्तीस वर्षांत त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा नमुना अर्ज लिहून दिला होता आणि त्यात कारण ठरलेलं असायचं : ताप. फार तर बहिणीचं लग्न. ‘मूळ खोळंबा कशाचा?’ हे सांगायला त्या नमुन्यात जागाच नव्हती.

त्यांचा स्वतःचा अर्जही तापाचाच होता.

१९७२चा दुष्काळ. बाई तेव्हा बारा वर्षांच्या. विहिरी आटल्या, पेरलेलं उगवलं नाही आणि गावच्या गावं दुष्काळी कामांवर गेली. रस्त्यासाठी खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची. आई खडी फोडायची आणि बाई बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत धाकट्या भावाला झोके द्यायच्या. कामावर सुकडी मिळायची. ती मुठीत धरून त्या भावाला भरवायच्या, उरली तर स्वतः खायच्या.

घरी कुणाला लिहिता येत नव्हतं, म्हणून अर्ज त्यांनीच लिहिला : ‘ताप आल्यामुळे आठ दिवस शाळेत येऊ शकत नाही. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी.’ आठ दिवस संपले की पुन्हा ताप. गुरुजींनी प्रत्येक वेळी रजा मांडली. तापासाठी कुणी कामावर चौकशीला येत नाही, तसं कुणी आलंही नाही. पावसाळ्यात त्या शाळेत परतल्या तेव्हा बरोबरीच्या मुली पुढच्या वर्गात गेल्या होत्या.

मुलीच्या अर्जात मात्र तीन गोष्टी स्पष्ट होत्या : निघायचा दिवस, गावात मागं कोण आहे आणि अडचण नेमकी कुठं आहे. बाईंनी तिथूनच सुरुवात केली.

पहिला उपाय हंगामी वसतिगृहाचा. आई-वडील फडावर असताना मुलांनी गावातच राहून शाळा करावी, म्हणून ही सोय असते; हंगामभर त्यांच्या जेवणाखाण्याचं बघितलं जातं. मुलीची जागा त्यात लागली असती. पण वसतिगृह शाळकरी मुलांसाठी. तीन वर्षांचा भाऊ त्यात बसत नव्हता आणि आजीला दिसत नव्हतं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल त्या जोडीनं घेतलेली. आई मागं राहिली तर उचल फिटणार कशी? ताई निघत होती ती भावासाठी, आणि ते वसतिगृहानं सुटत नव्हतं.

दुसरा उपाय शिक्षण हमी कार्डाचा. स्थलांतर करणाऱ्या मुलानं हे कार्ड सोबत न्यायचं आणि जिथं मुक्काम पडेल तिथल्या शाळेत दाखवून वर्गात बसायचं. शिक्षणहक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा नाकारता येत नाही. अडचण प्रवेशाच्या पुढची असते. फड कधी शाळेपासून लांब पडतो, ऊस संपला की मुक्काम हलतो आणि सोबत धाकटं भावंड असतंच.

मधल्या सुट्टीत बाईंनी मुलीला बोलावलं.

“कुठल्या कारखान्यावर चाललात गं?”

“म्हाईत नाही बाई. मुकादम सांगंल.”

“तिथं अंगणवाडी असली तर भावाला तिथं बसव आणि तू शाळेत जा. जाशील ना?”

“तो रडतो बाई. मी दिसले नाही की लई रडतो.”

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कार्ड भरलं : नाव, इयत्ता, शाळा. गणिताचं आणि मराठीचं पुस्तक पिशवीत घातलं. कार्डाच्या मागं स्वतःचा मोबाइल नंबर ठळक अक्षरांत लिहिला आणि म्हणाल्या, “गाडी थांबली की दादाच्या फोनवरून मला गावाचं नाव सांग. तिथल्या सरांशी मी बोलते.”

मुलगी गेल्यावर त्यांनी हजेरीपट उघडला. अर्ज फाइलीला न लावता तिच्या नावाच्या पानात घडी करून ठेवला. रजेचं कारण लिहायला पेन टेकवलं, क्षणभर थांबल्या आणि लिहिलं : ‘भावाला सांभाळण्यासाठी आई-वडिलांसोबत ऊसतोडीला.’

चौथ्या दिवशी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज होता आणि कुणीतरी लहान मूल रडत होतं.

“बाई, गावाचं नाव सांगू का?”

बाईंनी चष्मा लावला आणि वही पुढं ओढली.