एकही पॅकेट सांडायचं नाही

साधं इथरनेट पॅकेटं टाकून देतं, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. स्विचच्या पोटात काही मेगाबाइटची तात्पुरती जागा असते, तिला बफर म्हणतात. ती भरली की पुढचं पॅकेट फेकलं जातं. पाठवणाऱ्या संगणकातल्या टीसीपीला ते कळतं, तो तेवढं पॅकेट पुन्हा पाठवतो आणि वेग थोडा उतरवतो. स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

डेटा सेंटरमधल्या स्टोरेजचं मात्र याने भागत नाही. तिथे आरडीएमए वापरतात, म्हणजे नेटवर्क कार्ड प्रोसेसरला न उठवता समोरच्या संगणकाच्या मेमरीत थेट लिहितं किंवा तिथून वाचतं. वेळ वाचतो, प्रोसेसर मोकळा राहतो; पण हरवलेल्या पॅकेटचा हिशेबही कार्डालाच ठेवावा लागतो, आणि जुनी कार्डं त्यात अगदीच कच्ची होती. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक प्रयोग आहे. त्यांनी स्विचला दर २५६ पॅकेटांमागे एक मुद्दाम टाकायला लावलं आणि ४ मेगाबाइटचे संदेश पाठवले. असा एक संदेश म्हणजे सुमारे ४,००० पॅकेटं. एक हरवलं की त्या काळचं कार्ड अख्खा संदेश पहिल्यापासून पाठवायला घ्यायचं, आणि तो पुरा व्हायच्या आत आणखी एक हरवायचं. तार पूर्ण वेगाने वाहत होती, पण हाती लागलेलं काम शून्य. नंतर कार्डांत सुधारणा झाली, हरवलेल्या पॅकेटपासून पुढचं तेवढंच पाठवलं जाऊ लागलं. तरी मूळ आग्रह टिकून राहिला: पॅकेट सांडूच द्यायचं नाही.

त्यासाठीचा पहिला उपाय पीएफसी, म्हणजे प्राधान्यक्रमानुसार प्रवाह रोखण्याची पद्धत. तारेवरची वाहतूक आठ वर्गांत विभागलेली असते. एखाद्या वर्गाचा बफर ठरावीक खुणेपर्यंत भरला की स्विच मागच्या शेजाऱ्याला पॉज फ्रेम धाडतो: एवढ्या वर्गाचं थांबव, बाकीचं चालू दे. १०० गिगाबिटच्या तारेवर अशी एक फ्रेम जास्तीत जास्त ३३५ मायक्रोसेकंदांचा थांबा मागू शकते. त्याहून जास्त हवा तर पुन्हा पाठवायची.

ही खूण कुठे ठेवायची हा कळीचा प्रश्न. टाकी भरत आली म्हणून गच्चीवरून ‘मोटर बंद करा’ असं ओरडलं, तरी खालच्याला ऐकू जाईपर्यंत आणि पाईपात चढलेलं पाणी संपेपर्यंत टाकीत येतच राहतं. तेवढी जागा वर रिकामी हवी. ३०० मीटरच्या फायबरमधून प्रकाशाला जायला दीड मायक्रोसेकंद लागतो. पॉज फ्रेम पोचायला दीड आणि तोवर वाटेत असलेला माल उतरून घ्यायला दीड, असे तीन. १०० गिगाबिटला तेवढ्यात ३७,५०० बाइट येऊन पडतात. शिवाय ‘थांब’ पोचेपर्यंत दोन्ही टोकांना एकेक फ्रेम अर्धवट पाठवून झालेली असू शकते, ती पुरी व्हावी लागते. ही राखीव जागा म्हणजे हेडरूम, आणि ती प्रत्येक पोर्टाला, प्रत्येक वर्गाला वेगळी. ३२ पोर्टांच्या, १६ मेगाबाइट बफरच्या स्विचमध्ये आठही वर्गांना ती दिली, तर निदान ९.६ मेगाबाइट नुसते रिकामे ठेवावे लागतील. म्हणून व्यवहारात एका किंवा दोनच वर्गांना हा मान मिळतो.

पण थांबवलेला शेजारी काय करणार? त्याचा बफर भरतो, तो त्याच्या मागच्याला थांबवतो. आणि पीएफसीला वर्ग कळतो, कोणाचा प्रवाह आहे ते कळत नाही. दहा सर्व्हर एका स्टोरेज सर्व्हरवर एकदम लिहायला लागले, तर त्यांच्याच वाटेवरून भलतीकडे निघालेली, काही दोष नसलेली पॅकेटंही अडकतात. याचं टोक म्हणजे बिघडलेलं कार्ड. ते सतत पॉज फ्रेम सोडत राहिलं तर एका सर्व्हरपायी मोठा भाग गोठू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या त्याच निबंधात याचे अनुभव दिले आहेत. म्हणून स्विचमध्ये पहारेकरी ठेवतात. एखादी रांग फार वेळ थांबलेली दिसली की तो तिच्यातली पॅकेटं टाकून देतो. एकही पॅकेट सांडू नये म्हणून उभारलेल्या यंत्रणेला अखेर सांडण्याचीच मुभा ठेवावी लागते, यात मला तरी विसंगती वाटत नाही.

खरं काम त्याआधीच व्हायला हवं, आणि ते ईसीएन करतं. स्विच पॅकेट न टाकता त्याच्या आयपी शीर्षकातल्या दोन बिटांवर ‘गर्दी झाली’ अशी खूण करतो. घेणारं कार्ड ती पाहून पाठवणाऱ्याला एक छोटं सूचनापत्र धाडतं, आणि पाठवणारा फक्त त्या प्रवाहाचा वेग उतरवतो. मायक्रोसॉफ्ट आणि मेलानॉक्सच्या लोकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या डीसीक्यूसीएन पद्धतीत बाहेर जाणारी रांग ५ किलोबाइटवर गेली की अधूनमधून खुणा सुरू होतात, २०० किलोबाइटला पोचेपर्यंत शंभरातल्या एका पॅकेटवर होतात, आणि त्यापुढे सगळ्यांवर. एका प्रवाहासाठी ५० मायक्रोसेकंदांत एकाहून जास्त सूचनापत्र जात नाही. पहिल्या सूचनेला वेग निम्मा होतो, पुढे गर्दी ओसरेल तशी कपात सौम्य होते.

दोन्हींचा क्रम चुकला की सगळं फसतं. ईसीएनची खूण आधी लागली पाहिजे, पीएफसी शेवटचा आधार. हे वाटतं तितकं सरळ नाही, कारण ईसीएन बाहेर जाणारी रांग मोजतं आणि पीएफसी आत येणाऱ्या पोर्टाचा साठा. एकाच पोर्टातून आलेली पॅकेटं बाहेरच्या वीस रांगांत विखुरली तर प्रत्येक रांग छोटी दिसते, खूण होत नाही, पण आतल्या पोर्टाची मर्यादा भरून जाते. म्हणून ईसीएनचा उंबरठा बराच खाली ठेवावा लागतो. आणि त्यालाही वेळेची मर्यादा आहेच: सूचना फिरून येईपर्यंतचा झटका पीएफसीलाच झेलावा लागतो.

बिघाड ओळखायला आकडे वाचावे लागतात. मेलानॉक्स घराण्यातल्या कार्डांवर, स्टोरेजची वाहतूक तिसऱ्या वर्गात असेल तर, पहिली नजर इथे:

```
ethtool -S eth0 | grep prio3_pause
```

`rx_prio3_pause` वाढत असेल तर नेटवर्क या सर्व्हरला थांबवत आहे. `tx_prio3_pause` वाढत असेल तर उलट: सर्व्हरच आलेला माल वेळेत उचलत नाही, आणि स्विचच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसण्यात अर्थ नाही. पॉज भरपूर, पण `np_cnp_sent`, म्हणजे पाठवलेल्या सूचनापत्रांचा आकडा, जवळजवळ स्थिर, तर ईसीएन उशिरा जागं होतंय किंवा कुठल्या तरी स्विचवर सुरूच नाही. सगळ्यात फसवं रूप तिसरं. पॉज शून्य, सगळं शांत, आणि `out_of_sequence` मात्र चढतंय. म्हणजे वाटेतला एखादा स्विच या पॅकेटांवरचा वर्गाचा शिक्का ओळखत नाही, त्यांना साध्या रांगेत घालतो आणि निवांतपणे टाकून देतो. वाटेवरचा एक स्विच असा निघाला तरी बाकीच्यांची काटेकोर मांडणी फुकट.

अंतर वाढलं की हेडरूमचा हिशेब पुन्हा समोर येतो. अझुरने आपल्या स्टोरेजसाठी आरडीएमए एका इमारतीबाहेर, एका प्रदेशातल्या वेगवेगळ्या डेटा सेंटरांमध्येही नेलं. दहा किलोमीटरच्या फायबरवर जाणं-येणं धरून १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १०० गिगाबिटच्या एका पोर्टाला, एका वर्गासाठी सव्वा मेगाबाइटची हेडरूम. असे तेरा पोर्ट जोडले की वरचा १६ मेगाबाइटचा स्विच संपला. अशा लांबच्या जोडण्यांवर म्हणूनच फार मोठ्या बफरचे, वेगळ्याच जातीचे स्विच बसवावे लागतात.