टाचेला पकड, उंचवट्याला मोकळीक

बुटात टाच उचलली जाऊ लागली की बहुतेक जण नाडी आणखी करकचून आवळतात. पायाचा उंचवटा, म्हणजे घोटा आणि बोटं यांच्यामधला वरचा हाडाळ चढ, जात्याच मोठा असेल तर या आवळण्याने दुसरंच दुखणं सुरू होतं. नाडी एकच असते, त्यामुळे वर दिलेला ताण भोकाभोकांतून खाली सरकतो आणि जिथे पाय सगळ्यात उंच असतो तिथेच रुततो. तिथे मांस जवळजवळ नसतं. त्वचेखाली लगेच बोटं उचलणारे स्नायुबंध आणि बारीक नसा असतात. मोजा काढल्यावर त्या जागी आडवी लाल रेघ दिसते, आणि अंगठा व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कधी मुंग्याही येतात.

रत्नागिरीत ही अडचण भगवती किल्ल्यावर, म्हणजे रत्नदुर्गावर, चांगली कळते. पायरी चढताना बूट चवड्यापाशी दुमडतो. पाय सहज वाकतो, पण बुटाचा तळ तेवढा वाकत नाही, म्हणून टाच मागच्या कडेवर घासत वर येते. जांभ्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसल्या की हे घासणं प्रत्येक पावलाला वेगळं होतं. पावसाळ्यात मोजा भिजतो, कातडी मऊ पडते आणि फोड लवकर येतो. उतरताना पाय पुढे घसरतो आणि नखं बुटाच्या टोकावर आपटतात. टाच मागे धरून ठेवली तर हे दोन्ही त्रास कमी होतात. मात्र ती पकड उंचवट्यावर नको, घोट्यापाशी हवी.

समजा, बुटाला भोकांच्या 7 जोड्या आहेत आणि दुखरी जागा तिसऱ्या व चौथ्या जोडीच्या मधे आहे. ती जागा आधी बोटाने नेमकी शोधावी. बूट घालून, वर दाबून, कुठे टोचतं ते पाहून तिथे खडूने खूण करावी. मग नाडी चौथ्या जोडीपर्यंत उसवून घ्यावी, म्हणजे दोन्ही टोकं तिसऱ्या जोडीतून बाहेर आलेली राहतील. आता ती एकमेकांवरून न नेता, आपापल्या बाजूनेच सरळ वर, चौथ्या जोडीत घालावीत. दुखऱ्या जागेवर एक चौकोनी खिडकी मोकळी राहते. पाचव्या जोडीपासून पुन्हा नेहमीची फुली सुरू करावी. दुखरा भाग मोठा असेल तर आणखी एक जोडी अशीच सरळ न्यावी, पण त्याहून जास्त नको. नाहीतर बुटाची जीभ बाजूला सरकते आणि पाय आत डुलू लागतो.

टाचेची पकड सातव्या जोडीतून मिळते. पळण्याच्या बऱ्याच बुटांना सगळ्यात वर, जरा मागे सरकलेलं एक जादा भोक असतं, आणि ते बहुधा रिकामंच राहतं. सहाव्या भोकातून बाहेर आलेलं टोक त्याच बाजूच्या सातव्या भोकात बाहेरून आत घालावं, पण पूर्ण ओढू नये. दोन भोकांच्या मधे बोट जाईल एवढा फास ठेवावा. दुसऱ्या बाजूलाही तसंच करावं. मग उजवं टोक डाव्या फासातून आणि डावं उजव्या फासातून काढावं, दोन्ही टोकं बाजूंना ओढावीत आणि वर नेहमीची गाठ मारावी. फास घट्ट होताना बुटाच्या वरच्या कडा घोट्याशी बिलगतात. यात नाडी जास्त लागते. गाठीला टोकं पुरेनाशी झाली तर लांब नाडी आणावी, शक्यतो चपटी. गोल नाडी कमी जागेत जास्त रुतते.

एवढं करूनही वरचा ताण चालता चालता खिडकीखाली उतरू शकतो. त्यासाठी पाचव्या जोडीच्या आधी नाडीची दोन्ही टोकं एकमेकांभोवती एकाऐवजी दोनदा पिळावीत. हा पीळ नाडीला अडवतो, त्यामुळे खालचा भाग सैल आणि वरचा घट्ट ठेवता येतो. गाठ मारण्यापूर्वी टाच जमिनीवर हलकी आपटून बुटाच्या मागच्या कडेला टेकवावी. टाच पुढे असताना बांधलेली नाडी पाचपन्नास पावलांत ढिली पडते.

तपासणी पायऱ्यांवरच करावी. दहाबारा पायऱ्या चढून उतरल्यावर टाच किंचित उचलली गेली तरी चालते, पण घासल्याची ऊब जाणवली तर फास आणखी आवळावेत. घोट्याच्या पुढच्या वळणावर नवी रेघ उमटली तर ते जास्त आवळले गेले आहेत. लाल रेघ जागेवरून नुसती वर सरकली असेल तर खिडकी चुकीच्या जोडीवर पडली आहे.

बूटच मोठा असेल, किंवा मागची ताठ बाजू वारंवार चिरडून मऊ झाली असेल, तर कोणतीही बांधणी टाच धरत नाही. उलट बूट आतून उथळ असेल तर आधी आतला सुटा तळ काढून पातळ तळ घालून पाहावा, त्याने उंचवट्याला थोडी जागा मिळते. नाडी पूर्ण सैल असूनही मुंग्या येत राहिल्या, तर दोष बांधणीचा नाही आणि पाय डॉक्टरांना दाखवायला हवा.