गच्ची गळतेय: लेप, मेंब्रेन की डांबर?



स्टुटगार्टमधल्या आमच्या घराला गच्ची आहे हे सांगताना आजवर कॉलर ताठ व्हायची. मग तिच्याखालच्या बेडरूमच्या छतावर पिवळा डाग उमटला.

पहिला विचार पुण्यातला: सिमेंट-पॉलिमरचा लेप आणायचा आणि रविवारी दोन हात मारायचे. इथे त्याला डिश्टश्लेमे म्हणतात. नंतर कळले, फरशीखाली आधीच्या मालकाने तोच मारलेला होता! गच्चीची लांबी ५ मीटर. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०१ मिमी हलते. उन्हात पन्नास आणि थंडीत उणे दहा धरले, तर ३ मिमी. ही हालचाल कडेच्या सांध्यांत जमा होते, आणि लवचिक लेपही भेग जेमतेम अर्धा-पाऊण मिमी पेलतो. बाल्कनीला, म्हणजे खाली खोली नसेल तिथे, तो चालतो.

आपल्याकडे गच्चीत पाणी कोंडून गळती शोधतात. तेही करणार होतो, पण रूफरने थांबवले. इथे फरशीखाली थर्माकोलसारखे इन्सुलेशन असते, कोंडलेले पाणी त्यातच मुरणार. शिवाय पाणी आत सरकत जाते, त्यामुळे भोक डागाच्या वरच असेल असे नाही. त्याने एका ठिकाणी खोलून दाखवले, तर इन्सुलेशन चिंब. वरून नवा लेप मारला असता तर ते पाणी आतच कोंडले असते. म्हणजे सगळे उकरणे आले.

मग राहिले दोन पर्याय. प्लॅस्टिकचे मेंब्रेन हलके आणि एका थरात होणारे. सांधे गरम हवेने वितळवून जोडतात. पण थर एकच, त्यामुळे फरशीखाली एखादा खडा राहिला की भोक. पीव्हीसी असेल तर जुन्या डांबराला ते चिकटून चालत नाही, कडक होऊन तडकते. मध्ये फ्लीस लागते.

डांबराच्या शीटचे दोन थर असतात आणि वरच्याचे सांधे खालच्यावर येत नाहीत, म्हणून एक चुकला तरी दुसरा सांभाळतो. थर्माकोलवर मात्र ज्योत चालत नाही. त्यामुळे खालचा थर स्वतः चिकटणारा, वरचा गॅसवर वितळवून. आम्ही हेच घेतले. फक्त लाकडी दाराच्या उंबऱ्याशी आणि कठड्याच्या खांबांभोवती फ्लीस घालून द्रव रेझिन, कारण तिथे शीट नीट वळत नाही आणि आगीचीही भीती. गळतीही नेमकी उंबऱ्यातूनच होती: थर फरशीच्या वर १५ सेंमी चढायला हवा, आमचा जेमतेम तीन होता. दारासमोर जाळीची पन्हळ बसवली की ५ सेंमीवर भागते.

आणि हो, अपार्टमेंट असेल तर गच्ची वापरायला तुमची असली तरी तिचे वॉटरप्रूफिंग सामायिक मालकीचे. आधी हाउसफेरवाल्टुंगला लेखी कळवा, मालकांच्या सभेत ठराव होऊ द्या. परस्पर उकरलेत तर खर्च तुमच्याच गळ्यात पडू शकतो.

उंबऱ्याचे फोटो हवे असतील तर मेल टाका.