अर्ध्या सेकंदाचा हिशेब

ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. सुटताना त्याचा वेग सेकंदाला जवळपास ३९ मीटर असतो. पुढे हवेच्या विरोधाने आणि टप्प्याच्या घर्षणाने तो कमी होत जातो. क्रिकेटचा व्हिडिओ गेम पडद्यावर सेकंदाला साधारण ६० चित्रे दाखवतो आणि अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. म्हणजे वेगवान गोलंदाजाचा एक चेंडू गेममध्ये जेमतेम ३० फ्रेमचा असतो. गोलंदाजीतली विविधता, फलंदाजाचे टायमिंग आणि क्षेत्ररक्षकाला मिळणारी मदत यांचे सगळे गणित या ३० फ्रेमना धरून मांडलेले असते.

मैदानावर चेंडू कुठे जाणार हे कोणालाच आधी ठाऊक नसते. गेमला मात्र ते चेंडू सुटण्यापूर्वीच माहीत असते. अनेक गेममध्ये गोलंदाजी करणारा खेळपट्टीवर एक खूण सरकवून टप्पा ठरवतो, मग वेग आणि चेंडूचा प्रकार निवडतो. इथून गेम उलट्या बाजूने गणित करतो: या ठिकाणी टप्पा पडायचा असेल, वेग इतका असेल आणि चेंडू हवेत इतका वळणार असेल, तर तो हातातून कोणत्या कोनात सुटला पाहिजे? उत्तर मिळाले की चेंडूचा यष्टिरक्षकापर्यंतचा सगळा मार्ग आखून तयार होतो.

हा मार्ग नेहमी बिनचूक निघाला, तर प्रत्येक चेंडू यॉर्करच पडेल. म्हणून गणितात मुद्दाम चूक मिसळली जाते. काही गेममध्ये सरकणारा काटा योग्य क्षणी थांबवावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या बिग अँट स्टुडिओजने २०१४ मध्ये आणलेल्या ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ने चेंडू सोडण्याची क्रियाच खेळणाऱ्याच्या अंगठ्याकडे दिली. त्यात कंट्रोलरची काडी हलवून चेंडू सोडायचा असतो आणि त्या हालचालीची वेळ चुकली की चेंडूही बिघडतो. किती चुकीला किती शिक्षा द्यायची, हे पुढे गोलंदाजाचे कौशल्य आणि थकवा यांवर ठरते. दमलेल्या गोलंदाजाचा तोच चेंडू हात-दीड हात आखूड पडतो आणि यॉर्करचा हाफ व्हॉली होतो.

स्विंग दाखवण्यासाठी शिवणीभोवतीच्या हवेचे पूर्ण शास्त्र गेमला मांडावे लागत नाही. चेंडूला बाजूने एक स्थिर बल लावले की बरेचसे काम होते. अशा बलाने होणारे वळण वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रातलेच सूत्र. समजा, टप्पा पडेपर्यंत चेंडू ४० सेंटिमीटर वळायचा आहे. मग निम्म्या वेळेत तो फक्त १० सेंटिमीटर वळतो आणि उरलेले ३० सेंटिमीटर नंतरच्या निम्म्यात. खेळणाऱ्याला चेंडू आधी सरळ आल्यासारखा आणि मग एकदम बाहेर गेल्यासारखा दिसतो. ‘उशिरा झालेला स्विंग’ म्हणून जो भास होतो, त्याचा मोठा भाग या साध्या सूत्रातूनच येतो.

फिरकीचे खरे वळण टप्प्यावर मिळते. तिथे गेम चेंडूची दिशा एका कोनाने बदलतो. कोन पाच अंशांचा असेल आणि चेंडू टप्प्यानंतर तीन मीटर पुढे खेळला जाणार असेल, तर तो सुमारे २६ सेंटिमीटर वळतो. बॅटच्या मधोमध येणारा चेंडू कड सोडून जाण्यासाठी एवढे पुष्कळ झाले. खेळपट्टी जुनी होते तसा गेम हा कोन वाढवतो आणि उसळीत अनियमितपणा आणतो. स्लोअर चेंडूची युक्ती त्याहून साधी आहे. गोलंदाजाची धाव आणि हाताची हालचाल नेहमीचीच दाखवायची आणि चेंडूचा वेग तेवढा कमी ठेवायचा. ३० फ्रेमऐवजी चेंडूला ३६ फ्रेम लागल्या, तर सवयीने बटण दाबणारा सहा फ्रेम लवकर फसतो. इथे गेमने फलंदाजाच्या टायमिंगला हात लावलेलाच नसतो. चूक खेळणाऱ्याची असते आणि म्हणूनच ती त्याला पटते.

आता हाच चेंडू फलंदाजाच्या बाजूने पाहू. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे सुमारे १५ फ्रेम. दाबलेले बटण कंट्रोलरपासून टीव्हीवर चित्र उमटेपर्यंत आणखी चार-पाच फ्रेम खाते. तीसपैकी वीस फ्रेम अशा गेल्या. उरलेल्या दहात चेंडूचा टप्पा ओळखायचा, पाय पुढे की मागे हे ठरवायचे आणि फटका निवडायचा. त्यातच बॅट मागून पुढे येण्यासाठी लागणारा पूर्ण वेळ मागितला, तर वेगवान गोलंदाजीला गेममध्ये खेळणेच अशक्य होईल.

म्हणून गेम बॅट आधीच उचलून ठेवतो, फटक्याची दिशा चेंडू सुटण्यापूर्वी धरून ठेवू देतो आणि बटण दाबल्यावर बॅटची हालचाल ताणून किंवा आकसून चेंडूशी जुळवून घेतो. चेंडूचा मार्ग ठाऊक असल्याने तो बॅटजवळ कोणत्या फ्रेमला येणार हेही ठाऊक असते. त्यावरून बटण दाबण्याचा आदर्श क्षण निघतो. खेळणाऱ्याने प्रत्यक्षात केव्हा दाबले आणि या क्षणापासून तो किती फ्रेम लांब होता, एवढा एकच आकडा गेमच्या भाषेत ‘टायमिंग’ असतो.

या आकड्याभोवती खिडक्या आखलेल्या असतात. समजा, आदर्श खिडकी तीन फ्रेमची आहे, म्हणजे एक विसांश सेकंदाची. तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फ्रेम ‘चांगले’, त्यापलीकडे ‘लवकर’ किंवा ‘उशीर’, आणि शेवटी चेंडू हुकतो. सोप्या पातळीवर आदर्श खिडकी सहा-सात फ्रेमची होते, कठीण पातळीवर एक-दोनची. सलामीचा फलंदाज आणि अकराव्या क्रमांकाचा फलंदाज यांच्यातला फरक अनेकदा याच रुंदीत लपलेला असतो.

गेमची ही उदारता किती मोठी आहे, ते साध्या हिशेबावरून कळते. बॅटजवळ चेंडूचा वेग सेकंदाला ३० मीटर धरला, तर एका फ्रेममध्ये तो अर्धा मीटर पुढे जातो. तीन फ्रेमच्या खिडकीत तो दीड मीटर सरकलेला असतो. मैदानावर एवढा फरक पडला तर बॅट चेंडूच्या वाऱ्यालाही लागणार नाही. तिथला खेळ सेकंदाच्या काही हजारांश भागांचा असतो. याच कारणाने बॅट आणि चेंडू यांची टक्कर केवळ फ्रेमगणिक तपासून चालत नाही. एका फ्रेमला चेंडू बॅटच्या पुढे असतो आणि दुसऱ्या फ्रेमला मागे. मधला स्पर्श कोणत्याच चित्रात सापडत नाही. चेंडू बॅटच्या आरपार गेल्यासारखा दिसतो, तो असा. उपाय दोन आहेत. एकतर दोन फ्रेममधला चेंडूचा सगळा मार्ग तपासायचा, नाहीतर टायमिंगवरून निकाल आधी ठरवून बॅट त्या जागी आणून ठेवायची.

टायमिंगमधून फटक्याची दिशाही निघते. उजव्या हाताच्या फलंदाजाने कव्हर ड्राइव्ह लवकर खेळला, तर बॅटचे तोंड पुढे वळून गेलेले असते. चेंडू मिडऑफकडे ओढला जातो आणि बॅट वर जात असल्यामुळे हवेतही उडतो. उशीर झाला तर तो पॉइंटच्या मागे निसटतो. पायांची हालचाल टप्प्याशी जुळली नसेल तर जोर कमी होतो आणि कड लागण्याची शक्यता वाढते. ही कड मात्र पुष्कळदा फाशांनी ठरते: ‘फार लवकर’ असलेल्या फटक्याला शंभरातून इतक्या वेळा कड, अशी कोष्टके आत असतात. त्यामुळे अगदी सारखी चूक एकदा बाद करते, तर एकदा चौकार देते.

फटका लागला की तिसरे गणित सुरू होते. अकरा खेळाडूंना एका माणसाने एकाच वेळी हलवणे शक्य नसते, म्हणून क्षेत्ररक्षणात गेमची मदत सर्वांत जास्त असते. चेंडूचा पुढचा मार्गही आखता येत असल्यामुळे गेम प्रत्येक क्षेत्ररक्षकासाठी विचारतो, की मार्गावरच्या कोणत्या बिंदूवर हा चेंडूच्या आधी पोहोचेल? ज्याचे उत्तर सर्वांत आधीच्या क्षणाचे असेल, तो धावू लागतो. चेंडूच्या सर्वांत जवळचा माणूस हाच असेल, असे मात्र नाही.

कव्हरला उभा असलेला खेळाडू चेंडूच्या रेषेपासून सहा मीटर बाजूला आहे आणि ती जागा फलंदाजापासून २५ मीटरवर आहे, असे धरू. ‘चांगल्या’ टायमिंगच्या फटक्याला सरासरी वेग सेकंदाला २० मीटर मिळाला, तर चेंडू तिथे सव्वा सेकंदात येतो. खेळाडूची प्रतिक्रिया पाव सेकंदाची, म्हणजे धावायला एक सेकंद मिळतो. सेकंदाला सात मीटरचा पूर्ण वेग गाठायलाच त्याला अर्धा सेकंद लागत असल्याने तो सव्वापाच मीटर कापतो. त्यावर दीड मीटरची झेप मिळवली की पावणेसात होतात. चेंडू अडतो. फटका ‘आदर्श’ बसला आणि वेग २५ मीटर झाला, तर चेंडू एका सेकंदात येतो. धाव साडेतीन मीटर, झेप धरून पाच. बोटांपासून मीटरभर दूर चेंडू निघून जातो आणि चौकार होतो. बटण दाबण्यातला दोन-तीन फ्रेमचा फरक इथे चार धावांचा ठरतो.

प्रतिक्रियेचा पाव सेकंद काढून टाकला, तर खेळाडू आदर्श फटक्यावरही सव्वापाच अधिक दीड मीटर गाठेल आणि चेंडू अडवेल. मग मोकळी जागा उरतच नाही. उलट हा वेळ फार वाढवला, तर क्षेत्ररक्षक पुतळ्यासारखे उभे दिसतात. ‘अॅशेस क्रिकेट २०१३’ हा गेम बाजारात आल्यावर काही दिवसांतच मागे घेतला गेला, त्यामागे क्षेत्ररक्षकांच्या हालचालींतले उघड दोषही होते.

झेल घेताना गेम थोडे काम परत खेळणाऱ्याकडे देतो. पडद्यावरचा वेळ मंदावतो, एक वर्तुळ आकसू लागते आणि रंग बदलताच बटण दाबायचे असते. स्लिपमधल्या झेलासाठी वेळ मंदावणे अपरिहार्य आहे. तिथे चेंडू बॅटपासून अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो आणि माणसाचा पाव सेकंद त्यातून वजा करावाच लागतो.

गेमची मदत कुठे हद्दीबाहेर गेली हे ओळखायला तीन खुणा पुरतात. फटक्यानंतर चेंडू हवेत क्षेत्ररक्षकाकडे वळला, तर झेल आधी ठरवून मार्ग नंतर वाकवला आहे. चेंडू बॅटच्या शेजारून जाऊनही कड लागली, तर निकाल फाशांनी दिला आहे. आणि सारख्या चेंडूवर सारख्या क्षणी दाबलेले बटण एका टीव्हीवर ‘आदर्श’ आणि दुसऱ्यावर ‘उशीर’ ठरत असेल, तर दोष खेळणाऱ्याचा नसून पडद्याने खाल्लेल्या फ्रेमचा आहे.